आडोसा मागायचा कसा?

मोतीबिंदूचं ऑपरेशन साधारण अर्ध्या तासात आटोपतं. पेशंट त्याच दिवशी घरी येतो. मुक्काम मात्र दोन महिन्यांचा होतो. एक डोळा झाला की थेंबांचा कोर्स सुरू होतो आणि तो हळूहळू कमी करत चार ते सहा आठवडे चालतो. मध्ये दोन-तीन वेळा तपासणी असते. दुसरा डोळाही करायचा असेल, तर ‘आता आलोच आहोत तर तोही उरकून घेऊ’ असं ठरतं. गावाकडचे आई-वडील किंवा सासू-सासरे शहरातल्या मुलाकडे दीर्घ मुक्कामाला येतात, त्यामागे बहुधा असंच एखादं कारण असतं: डोळा, गुडघा, सुनेचं बाळंतपण नाही तर नातवाची दहावी. आठवड्याचा पाहुणचार कुणालाही जमतो. दोन महिन्यांत मात्र घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी दार लोटून घ्यावंसं वाटतं, आणि ते बोलायचं कसं हे कुणालाच सुचत नाही.

काल्हेरचंच उदाहरण घेऊ. कशेळीचा खाडीपूल ओलांडून जुन्या ठाणे-भिवंडी रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना गोदामं आणि त्यांच्या मागे-पुढे उभ्या राहिलेल्या इमारती दिसतात. ठाण्यातलं घर परवडत नाही म्हणून अलीकडे आलेली आणि गोदामांतल्या नोकरीसाठी लांबून आलेली, अशी दोन्ही तऱ्हेची कुटुंबं इथे राहतात. त्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. ते कुणा एकाचं नाही, पण ओळखीचं वाटेल. वन बीएचके. दार उघडलं की हॉल, हॉलमधून आत जाणारा बोळ, बोळाच्या एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला संडास-बाथरूम आणि टोकाला बेडरूम. मुलगा गोदामात डिस्पॅचला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा अशी त्याची पाळी. सून ठाण्यात नोकरीला. ती साडेआठला निघते आणि साडेसातला परतते. नातू चौथीत. साताऱ्याकडच्या खटाव तालुक्यातून अण्णा आणि आई आलेत, अण्णांच्या उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी.

चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत काय होतं? मुलगा सकाळी आठला झोपतो. अकराला बेडरूमचं दार उघडतं आणि आई म्हणते, ‘‘उठतोस का जरा, थेंब घालायचेत अण्णांना.’’ तो उठतो, थेंब घालतो, पुन्हा आडवा होतो, पण झोप येत नाही. दिवसाची झोप अशीही अपुरीच असते, कारण त्या वेळी शरीराचं घड्याळ जागं राहायला सांगत असतं. पाळीवाल्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तास-दोन तासांनी तरी कमी भरते. तीही मधूनच तुटली तर संध्याकाळी माणूस चिडका होतो आणि रात्री फोर्कलिफ्टच्या आसपास वावरताना त्याला डुलक्या येतात. सून घरी आली की चप्पल काढायच्या आतच दिवसभराचं सगळं तिच्या कानावर पडतं: पाणी कधी आलं, नातू काय जेवला नाही, शेजारीण काय म्हणाली. तिला माहेरी फोन करायचा असेल तर ती जिन्यात जाऊन उभी राहते. नवरा-बायकोला आपसात बोलायला आठवड्यात एकही अर्धा तास मिळालेला नसतो.

आता त्याच घराकडे दुसऱ्या बाजूने बघू. अण्णा-आई हॉलमध्ये झोपतात. टीव्ही बंद होईपर्यंत त्यांना आडवं होता येत नाही. आईला लुगडं बदलायचं तर ओल्या बाथरूममध्ये काठ सांभाळत बदलावं लागतं. अण्णा कवळी काढतात ती नातवाच्या मित्रांसमोर. रात्री त्यांना दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. दर वेळी बोळातून, मुला-सुनेच्या दारावरून जायचं, दिवा लावायचा आणि फ्लशचा आवाज करायचा. गावाकडच्या घरात सोपा होता, माजघर होतं, मागे परडं होतं. बाहेरचा माणूस सोप्यावरून परत जायचा, माजघरात बायका मोकळेपणाने बसायच्या, आणि कुणाशी दोन शब्द खाजगी बोलायचे असतील तर मळ्याची वाट होती. म्हणजे ‘प्रायव्हसी’ हे शहरी सुनांचं खूळ, हा समज खरा नाही. जुन्या पिढीकडे आडोसा भरपूर होता. तो घराच्या बांधणीतच असल्यामुळे कधी मागावा लागला नाही, एवढंच. या फ्लॅटमध्ये सगळ्यात उघड्यावर कुणी राहत असेल तर ते हॉलमध्ये झोपणारे दोन म्हातारे.

बोलणी इथून सुरू करता येतात, असं मला वाटतं. ‘आम्हाला मोकळीक हवी’ यापेक्षा ‘या घरात कुणालाच आडोसा नाही’ हे जास्त खरं आहे आणि ऐकायलाही सोपं.

पर्यावरणीय मानसशास्त्रात आयर्विन ऑल्टमन या अमेरिकी अभ्यासकाने १९७५ साली खाजगीपणाची जी मांडणी केली, ती आजही वापरली जाते. खाजगीपणा म्हणजे एकटं राहणं नव्हे, असं तो म्हणतो. आपल्यापर्यंत कुणी, कधी आणि किती पोहोचावं हे आपल्या हातात असणं म्हणजे खाजगीपणा. त्यामुळे भरल्या घरातही तो असू शकतो आणि रिकाम्या घरात नसूही शकतो. हवा तेवढा मिळाला नाही तर गर्दी वाटते, हव्यापेक्षा जास्त झाला तर एकटेपणा. काल्हेरच्या त्या घरात मुलाला आईचा त्रास होत नाही. दार कधी उघडेल हे त्याच्या हातात नाही, त्याचा त्रास होतो. अकराला दार उघडणार नाही एवढी खात्री मिळाली, तर आई दिवसभर घरात असूनही त्याला गाढ झोप लागेल.

दुसरा अभ्यास आपल्या जवळचा, पुण्याचा आहे. गॅरी इव्हान्स आणि पुणे विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डॉ. पलसाने यांनी आणखी दोघा सहकाऱ्यांसह पुण्यातल्या कुटुंबप्रमुख पुरुषांचा अभ्यास केला आणि तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. दाटीच्या घरात राहणाऱ्यांमध्ये मानसिक त्रासाची लक्षणं जास्त दिसली, यात नवल नाही. पण ती कशामुळे, हे महत्त्वाचं होतं. अशा घरात माणसं एकमेकांपासून मनाने दूर सरकतात आणि त्यामुळे एकमेकांचा आधार वाटेनासा होतो, असं त्यातून दिसलं. सतत समोर असणाऱ्या माणसांपासून वाचण्यासाठी आपण नजर चुकवतो, मोबाइलमध्ये डोकं घालतो, ‘हं’ला ‘हं’ करतो. ही सवय झाली की ज्या दिवशी खरोखर गरज असते त्या दिवशीही त्या माणसाकडे वळावंसं वाटत नाही. म्हणजे दार न लोटता सगळे सतत एकत्र बसले म्हणून जवळीक वाढत नाही. न बोलता घेतलेला आडोसा नात्याला महाग पडतो, कारण समोरच्याला तो अबोला वाटतो. बोलून, वेळ ठरवून घेतलेला आडोसा स्वस्त पडतो.

आता प्रत्यक्ष बोलायचं कसं, ते पाहू.

पहिला प्रश्न, बोलायचं कुणी? ज्याचे आई-वडील त्याने. सासू-सासऱ्यांना सुनेने सांगितलं की ते सुनेचं मत होतं, आणि मग गावभर तेच मत फिरतं. मुलाने सांगितलं तर ती घरातली सोय ठरते. सुनेचे आई-वडील मुक्कामाला असतील तर तिने बोलावं, जावयाने नाही. ‘‘तुझी सून म्हणत होती’’ अशी सुरुवात तर मुलाने चुकूनही करू नये. सांगणारा तो, गरज दोघांची.

दुसरा प्रश्न, कधी? पहिल्या तीन-चार दिवसांत. इथेही ऑल्टमनचंच काम उपयोगी पडतं. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलातल्या तरुणांच्या जोड्या छोट्या खोल्यांत कित्येक दिवस कोंडून ठेवून पाहिल्या. ज्या जोड्यांनी सुरुवातीलाच ‘हा पलंग माझा, ती खुर्ची तुझी, या वेळी हे’ असं ठरवून घेतलं, त्या टिकल्या. जे आधी मोकळेढाकळे राहिले आणि खटके उडायला लागल्यावर हद्दी आखू लागले, त्यांच्यातले बरेच मुदतीआधीच बाहेर पडले. आपल्या आई-वडिलांची नौदलाच्या खलाशांशी तुलना कुणी करू नये, पण क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. तिसऱ्या दिवशी ‘दुपारी दोनपर्यंत दार लोटलेलं असेल’ हे वाक्य घराची माहिती असते. तेच वाक्य तिसाव्या दिवशी, खटका उडाल्यावर आलं, तर तो निकाल वाटतो.

दिवसातली वेळ म्हणाल तर दुपारच्या चहानंतरची. रात्री दमलेल्या अवस्थेत नको, जेवणाच्या ताटावर नको, आणि बहिणीचा फोन चालू असताना तर नकोच.

तिसरा प्रश्न, शब्द कोणते? ‘प्रायव्हसी’ हा शब्द टाळलेला बरा. तो वाईट नाही, पण ज्यांना तो रोजच्या बोलण्यात लागत नाही त्यांना त्याचा अर्थ ‘आमची अडचण होते’ असाच ऐकू येतो. भावनांचे शब्दही नकोत. ‘आम्हाला घुसमटल्यासारखं होतं’ याला आई-वडिलांकडे उत्तर नसतं. त्यांच्याकडे फक्त पिशवी भरणं असतं. वेळ, दार आणि वस्तू यांचे शब्द वापरावेत, कारण त्यांना ‘बरं’ म्हणता येतं. आणि मागण्याआधी विचारावं.

मुलगा आईजवळ बसून म्हणतो, ‘‘आई, इथं तुमची गैरसोय काय होते ते आधी सांग. गावाकडच्यासारखं घर नाही हे.’’ आई ‘काही नाही’ म्हणते. तसंच म्हणणार. तो पुन्हा विचारतो, ‘‘लुगडं बदलायला कुठं जातेस? अण्णांना रात्री उठावं लागतं, दिवा सापडतो का?’’ मग हळूहळू निघतं. बाथरूम ओली असते. टीव्हीमुळे झोप लागत नाही. अण्णा मध्येच म्हणतात, ‘‘रातच्याला उठायचं म्हणजे तुमची झोप मोडंल म्हणून मी पाणीच कमी पितो.’’

या वाक्यापाशी थांबायला हवं, कारण हा लेख आरोग्याच्या पानावर आहे तो यासाठीच. आपण ओझं झालो असं वाटलेला म्हातारा माणूस तक्रार करत नाही, तो स्वतःची गरज कमी करतो. सगळ्यात आधी पाणी कमी करतो. वयानुसार तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात काल्हेरसारख्या दमट हवेत घाम असतो, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी बाहेर काढतात. पाणी कमी पडलं की उठताना चक्कर येते, बद्धकोष्ठ होतो, लघवीला जळजळ होऊन संसर्ग होतो. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने अंधारात चाचपडत जाणाऱ्या माणसाला चक्कर येणं म्हणजे पडण्याची तयारीच. तेव्हा आडोशाची बोलणी नीट झाली नाहीत, तर त्याची किंमत नात्याआधी शरीर मोजतं. लघवी गडद पिवळी होते आहे का, दिवसातून किती वेळा होते, हे या दिवसांत आईला विचारून ठेवावं.

अण्णांच्या या वाक्यावर उपाय सोपा आहे. बोळात बटणाच्या प्लगला लागणारा छोटा रात्रदिवा. दिवसभराचं पाणी भरपूर, पण बरंचसं संध्याकाळी सहाच्या आत. आणि मुलाचं एक वाक्य: ‘‘अण्णा, तुमच्या फ्लशने आम्ही जागे होत नाही. पाणी कमी केलंत तर मात्र मला दवाखान्यात पळावं लागेल.’’ लघवीला वारंवार उठणं नवीन असेल किंवा वाढलं असेल, तर प्रोस्टेटची तपासणी याच मुक्कामात करून घ्यावी.

आता मुलाने मागायची वेळ. तो म्हणतो, ‘‘माझी रात्रपाळी आहे. सकाळी आठ ते दुपारी दोन मी झोपतो. तेवढा वेळ दार लोटलेलं असेल. अडीचला मी तुमच्यासोबत चहा घेईन. आणि तीन ते पाच बेडरूम तुमची, दार लावून आराम करा, लुगडं बदल, काय हवं ते. त्या वेळात आम्ही कुणी आत येणार नाही.’’ या बोलण्यात तीन गोष्टी आहेत. मागितलेला आडोसा ठरावीक वेळेचा आहे. तो संपल्यावर आपण भेटणार आहोत, हे त्यातच सांगितलं आहे. आणि तोच आडोसा समोरच्यालाही मिळतो आहे. पुण्याच्या अभ्यासाने दाखवलेलं दूर सरकणं टाळायचं तर अडीचचा चहा चुकवून चालणार नाही. लोटलेलं दार वेळेवर उघडतं, हे दोन-चार दिवस दिसलं की त्या दाराची धास्ती जाते.

तरीही अकराच्या थेंबांचं काय? आई हट्टाने झोपमोड करत नव्हती. दोन बाटल्या सारख्या दिसायच्या, लेबल इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि तिला भीती की चुकीचा थेंब पडला तर अण्णांचा डोळा जाईल. बहुतेक घरांत खाजगीपणाचे तंटे असेच असतात. मोडणाऱ्याकडे एखादं खरं कारण असतं आणि ते कुणी विचारलेलं नसतं. इथे आईला थेंब घालायला शिकवलं की दार आपोआप बंद राहतं. एका बाटलीला रबरबँड गुंडाळायचा: ‘रबरवाली आधी’. हात साबणाने धुवायचे. अण्णांनी आडवं व्हायचं, वर बघायचं. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढून जो खळगा होतो, त्यात एकच थेंब टाकायचा. बाटलीचं टोक डोळ्याला किंवा पापणीला टेकवायचं नाही. डोळा मिटून ठेवायचा, चोळायचा नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच मिनिटांनी, नाही तर पहिला वाहून जातो. मुलगा दोन दिवस शेजारी बसून आईकडून करून घेतो, तिसऱ्या दिवसापासून ती एकटी करते. किती वेळा आणि किती दिवस हे डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणेच. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहून ठेवायचं.

आणि एक अपवाद पहिल्याच बोलण्यात स्पष्ट सांगायचा. अण्णांच्या डोळ्यात दुखणं वाढलं, लाली वाढली, दिसायला लागलेलं पुन्हा धूसर झालं किंवा घाण यायला लागली, तर दार लोटलेलं असो, कडी लावलेली असो, रात्रीचे तीन वाजलेले असोत, ठोकायचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होणं विरळा आहे, पण झाला तर काही तासांच्या उशिरानेही नजर जाऊ शकते. ‘पोरं झोपलीत, सकाळी सांगू’ हा सौजन्याचा विचार इथे घातक ठरतो. छातीत दुखणं, पडणं, तोंड वाकडं होणं हेही याच यादीत. दार कशासाठी ठोकायचं हे सांगितलेलं नसेल तर भिडस्त माणूस कशासाठीच ठोकत नाही. त्यामुळे आडोसा मागणारं वाक्य अपवादाशिवाय पूर्ण होत नाही.

सुनेचा प्रश्न वेगळा आहे. तिला दार नको, घरात पाऊल टाकल्यानंतरची वीस मिनिटं हवी आहेत. हे मात्र तिने स्वतः सांगितलेलं चालतं, कारण ते तिच्या दमण्याबद्दल आहे. ‘‘आई, आल्यावर मी हात-पाय धुऊन वीस मिनिटं पडते. मग आपण दोघी भाजी निवडत बसू, तेव्हा सगळं सांगा.’’ दिवसभर घरात बोलायला कुणी नसलेल्या बाईला ‘नंतर बोलू’ हे टाळणं वाटतं. ‘भाजी निवडताना बोलू’ हे आमंत्रण वाटतं. तिचा माहेरचा फोनही जिन्यातून घरात आणायला हवा. तीन ते पाच बेडरूम सासूची, तसं रात्री आठ ते साडेआठ सुनेची, असं ठरलं की जिन्यात उभं राहायला नको.

नवरा-बायकोच्या एकांताबद्दल आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही, आणि बोलायची गरजही नसते. मुलाच्या सुटीच्या दिवशी नातवाला ‘आजीजवळ गोष्ट ऐकत झोप’ म्हटलं की आजीला पुढचं समजतं. ती स्वतः सून होती. घरातली रीत म्हणून हे दर आठवड्याला ठरलेलं असावं, म्हणजे दर वेळी निमित्त शोधायला नको. खोटी निमित्तं मात्र टाळावीत. ‘साहेबांचा फोन आहे’ म्हणून रोज दार लावलं, तर चौथ्या दिवशी ते पकडलं जातं आणि मग खरं कारणही खोटं वाटतं.

पहाटेचा आवाज ही या घरांतली आणखी एक कुरबुर. आई साडेचारला उठते आणि भांडी वाजतात. वय वाढतं तसं शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग येते. ‘जरा पडून राहा ना’ म्हणणं व्यर्थ आहे. झोप संपलेलीच असते. त्याऐवजी चहाचं पातेलं, कप, साखर रात्रीच ओट्यावर काढून ठेवावी, स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायला सांगावं आणि मिक्सर सातनंतर असं ठरवावं. टीव्हीचंही तसंच आहे. उतारवयात आधी वरच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात, त्यामुळे आवाज मोठा करूनही शब्द नीट कळत नाहीत आणि आवाज वाढतच जातो. अण्णांची खुर्ची टीव्हीच्या जवळ सरकवणं किंवा एक हेडफोन देणं, हे दहा वेळा ‘आवाज कमी करा’ म्हणण्यापेक्षा बरं.

जागेत बदल करायचा तर खर्च फार नाही. इव्हान्स यांच्याच नंतरच्या एका अभ्यासात असं दिसलं, की घर दाटीचं असलं तरी एका जागेतून दुसऱ्या जागेत जायला मध्ये टप्पे असतील, तर दाटीचा ताण कमी जाणवतो. सोपा, माजघर, परडं यांची रचना तीच होती. फ्लॅटमध्ये भिंत बांधता येत नाही, पण हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, बोळाच्या तोंडाशी, दोन भिंतींमध्ये ताणून बसणारी स्प्रिंगची दांडी लावून जाड पडदा सोडता येतो. त्याला भोकं पाडावी लागत नाहीत, त्यामुळे भाड्याच्या घरातही चालतं. पडद्याआड दिवाण, त्याशेजारी एक स्टूल, त्यावर पाणी, कवळीची डबी, बॅटरी, आणि कपाटातला एक कप्पा रिकामा करून त्यांच्या नावाचा. त्या पडद्याला दाराचाच मान द्यायचा: नातवानेही आधी ‘आजी, येऊ का?’ विचारायचं. ही रीत पोराला शिकवली की मोठ्यांना वेगळी शिकवावी लागत नाही.

इतकं करूनही दुखावलं जाऊ शकतं. ते ओळखायचं कसं? अण्णा सकाळी खाली जातात ते जेवायलाच वर येतात. ताटात दुसऱ्यांदा काही घेत नाहीत. स्वतःचे कपडे स्वतः धुवायला लागतात. मुलीला फोन करून एसटीच्या वेळा विचारतात. ‘आम्हाला काही नको’ हे वाक्य दिवसातून तीनदा ऐकू येतं. अशा वेळी ठरवलेलं सगळं मागे घेऊ नये, त्याने पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. एकत्र घालवायचा वेळ मात्र वाढवावा, आणि त्यात अण्णांकडे काही काम द्यावं, करमणूक नको. नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडणं, आठवड्याची भाजी आणणं हे चालेल. डोळ्याचं ऑपरेशन होऊन काही आठवडे होईपर्यंत जड पिशवी आणि फार वाकणं मात्र टाळायचं. आणि थेट विचारावं: ‘‘अण्णा, दाराचं बोललो ते लागलं का?’’ त्यांचं उत्तर काहीही असो, विचारल्याने अर्धं निवळतं.

हे सगळं सगळ्यांना लागू नाही. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या आईला ‘दोनपर्यंत दार उघडू नकोस’ हे सांगून उपयोग नाही. ती विसरेल, आणि आठवण करून दिलीत तर घाबरेल. तिथे दिवसा सोबतीला माणूस लागतो आणि रात्रपाळीवाल्याने झोपेची जागा बदलावी लागते, शेजारच्या किंवा मित्राच्या घरी का होईना. वन रूम किचनमध्ये लोटायला दारच नसतं. तिथे वेळ हाच आडोसा: संध्याकाळी अण्णा-आई नातवाला घेऊन तासभर खाली, दुपारी बाकीचे बाहेर. आणि ज्या घरात मुलाने स्वतःच्या आई-वडिलांशी बोलायचं टाळून ते काम वर्षानुवर्षं बायकोवर ढकललं आहे, तिथे पडदा आणि वेळापत्रक पुरत नाही.

काल्हेरच्या घरात सहाव्या आठवड्यात दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळते. आता मुलाची पाळी बदललेली असते, नातवाची चाचणी परीक्षा जवळ आलेली असते, आणि थेंबांचं वेळापत्रक पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दुपारच्या चहानंतर सगळे पुन्हा बसतात. या वेळी सुरुवात आई करते, ‘‘मागल्या खेपेला तीन ते पाच खोली दिलीस, ती या खेपेला एक ते तीन दे. पोराला अभ्यासाला नंतर लागंल.’’ मुलगा कॅलेंडर काढतो आणि रबरवाली बाटली पुन्हा पहिल्या रकान्यात लिहितो.